कन्येतला शुक्र आणि एक वही

"माझा शुक्र कन्या राशीत नीच आहे. म्हणूनच मला जोडीदारात सगळं परिपूर्ण हवं असतं का? आणि मग मला कुणी पसंत पडणारच नाही का?"

नीच म्हणजे ग्रह ज्या राशीत सर्वांत दुबळा मानतात ती स्थिती. पण आधी एक गोष्ट तपासा. तुमचा शुक्र कन्येत आहे हे तुम्हाला कुठून कळलं? पाश्चात्त्य पद्धतीचं राशीचक्र सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं असतं, आपलं निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने मोजलेलं, आणि दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. सायन पद्धतीत ज्यांचा शुक्र कन्येत दिसतो, त्यांच्यापैकी बहुतेकांचा आपल्या पत्रिकेत सिंहेत असतो. माझ्याकडे घाबरून आलेल्या कितीतरी जणांचा शुक्र नीच नव्हताच. दुसरी खूण त्याहून सोपी आहे. शुक्र सूर्यापासून ४७-४८ अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे निरयन कन्येतला शुक्र साधारण जुलैअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्यांच्याच पत्रिकेत सापडतो. तुमचा जन्म मार्चमधला असेल, तर ही चिंता तुमची नाही.

आता खरोखर कन्येत असलेल्या शुक्राबद्दल. मला हा योग शिकताना सर्वांत जास्त छळलेला प्रश्न असा होता: कन्या ही बुधाची रास, बुध आणि शुक्र एकमेकांचे मित्र, मग मित्राच्याच घरी शुक्र नीच का व्हावा? उत्तर मला राशीच्या वर्णनात मिळालं. वराहमिहिराच्या बृहज्जातकात कन्या रास म्हणजे धान्य आणि अग्नी घेऊन नावेत बसलेली मुलगी. त्या धान्यावर मी बराच काळ अडले होते. धान्य आलं की ते निवडावं लागतं, पाखडावं लागतं, खडे बाजूला काढावे लागतात. निवडणं हे बुधाचं काम आणि तो याच राशीत, १५ अंशांवर, परमोच्च, म्हणजे सर्वांत बलवान होतो. शुक्राचा स्वभाव याच्या उलट. त्याला जे आवडतं ते तो अख्खं स्वीकारतो, त्यात मिसळून जातो, म्हणून मीनेत २७ अंशांवर तो परमोच्च आणि समोर कन्येत २७ अंशांवर परमनीच. ज्याने प्रेम करायचं त्याच्या हातात इथे सूप दिलं जातं. प्रेम संपत नाही, पण ते पाखडण्याच्या रूपाने बाहेर पडतं.

म्हणून "अपेक्षा उंच असतात" हे या शुक्राचं वर्णन मला कधी पटलं नाही. मी पाहिलेल्या लोकांना देखणा, श्रीमंत, नामवंत जोडीदार हवा होता असं नाही. त्यांच्या अपेक्षा साध्याच होत्या. नजर मात्र बारीक होती, आणि ती आधी खड्यावर जायची. हीच नजर स्वतःवरही तितकीच कठोर असते, हे फार कमी ज्योतिषी सांगतात. कन्या ही कालपुरुषाच्या, म्हणजे मेषेपासून मोजलेल्या मूळ कुंडलीत सहावी रास, म्हणजे सेवेची आणि रोगाची. ही माणसं जोडीदाराचं औषधपाणी, कागदपत्रं, वेळापत्रक जिवापाड सांभाळतात आणि त्याच हाताने त्याच्या शर्टाची कॉलर दहा वेळा नीट करतात. समोरच्याला त्यातली कॉलर लक्षात राहते.

एक पत्रिका सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून. तीस वर्षांची मुलगी. वृश्चिक लग्न, त्यामुळे सप्तमात, म्हणजे विवाहाच्या स्थानी, वृषभ आणि त्या स्थानाचा स्वामी, सप्तमेश, शुक्र. तो अकराव्या स्थानी कन्येत, ८ अंशांवर. रवी सिंहेत २५ अंशांवर, बुध सिंहेतच ८ अंशांवर, दोघेही दशमात. तिला आधी कुणीतरी सांगितलं होतं, "सप्तमेशच नीच, संसारसुख नाही." ती वही घेऊन आली होती. दोन वर्षांत भेटलेल्या चौदा मुलांची त्यात नोंद होती, प्रत्येकासमोर नकाराचं कारण. एकाने निरोपाला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. एक बोलताना वाक्य अर्धवट सोडत होता. एकाची नखं. वही वाचताना मला तिचा राग आला नाही, वाईट वाटलं, कारण शेवटच्या पानावर तिने स्वतःचीही अशीच यादी लिहिली होती आणि ती सर्वांत लांब होती.

आता पत्रिका नुसती राशीवर न थांबता पाहू. ८ अंश म्हणजे उत्तरा फाल्गुनीचं चौथं चरण. त्याचा नवमांश, म्हणजे राशीच्या नवव्या भागावरून येणारी रास, मीन. म्हणजे राशीत नीच असलेला शुक्र नवमांशात उच्च. विवाहासाठी नवमांश पाहतात, तेव्हा हे किरकोळ नव्हे. दुसरं, ज्या राशीत शुक्र नीच झाला त्या राशीचा स्वामी बुध लग्नापासून केंद्रात, दहाव्या स्थानी. हा नीचभंग, म्हणजे नीचत्वाचा दोष घटवणारा योग. बुध रवीपासून सतरा अंश दूर, म्हणजे रवीच्या जवळ जाऊन निस्तेज, अस्तंगतही झालेला नाही. याच जागी शुक्र २७ अंशांवर असता, तर तो चित्रेच्या दुसऱ्या चरणात आणि नवमांशातही कन्येतच, वर्गोत्तम असता. इतर वेळी वर्गोत्तम शब्द ऐकून आनंद होतो, इथे मात्र नीचत्वच दोनदा येतं. तेव्हा माझं मत निराळं असतं. एकाच राशीत, एकोणीस अंशांच्या फरकाने, दोन अगदी वेगळे शुक्र होतात.

मग वही का भरली? दशा पाहिली. बुधाची महादशा, त्यात शुक्राची अंतर्दशा, जी दोन वर्षं दहा महिने चालते. पाखडणारा आणि ज्याला पाखडायचं तो, दोघे एकाच वेळी जागे. वहीतल्या सगळ्या नोंदी त्या काळातल्या निघाल्या. तिला म्हटलं, "तुझा शुक्र बिघडलेला नाही, त्याची छाननी आत्ता जोरात चालली होती. ती अंतर्दशा दोन महिन्यांपूर्वी संपली आहे."

यापुढे मात्र पत्रिका मला काही सांगत नाही आणि ते मी तिलाही सांगितलं. शुक्र सरळ गतीने कन्येत सुमारे पंचवीस दिवस असतो. त्या दिवसांत जन्मलेली सगळी मुलं मोठेपणी वह्या भरत बसत नाहीत. नीच शुक्राच्या आधारावर "लग्न होणार नाही" असं सांगणारा माणूस त्या सर्वांचा निकाल एका वाक्यात लावतो. हे मला मान्य नाही आणि कधी होणार नाही.

तिने हिऱ्याबद्दल विचारलं. मी नको म्हटलं. वृश्चिक लग्नाला शुक्र सप्तम आणि व्यय अशा दोन स्थानांचा स्वामी, सप्तमेश म्हणून मारकही. त्याचं बळ वाढवताना व्ययाचंही वाढतं. त्याऐवजी तिला वहीतल्या नोंदींचे दोन भाग करायला सांगितले: माणूस कसा वागला, आणि माणूस कसा दिसला किंवा बोलला. पहिल्या भागात तीन जण आले. एकाने तिच्या आईशी उद्धट बोलणं केलं होतं, दोघे खोटं बोलले होते. हे तिचे नकार योग्यच होते आणि मी तसं स्पष्ट सांगितलं, कारण बारीक नजरेने खरा खडाही पकडलेला असतो. उरलेले अकरा दुसऱ्या भागात गेले.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. त्या अकरांपैकी वाक्य अर्धवट सोडणाऱ्याला ती पुन्हा भेटली होती. तो विचार करत बोलतो, म्हणून वाक्य तुटतं, असं म्हणाली. त्याची पत्रिका तिने मला पाठवलेली नाही. मीही मागितली नाही.