फळदेसाई, अबोली आणि तेवीस हजार

देवस्थान समितीचं इतिवृत्त मी हल्ली लिहीत नाही, बोलतो. बैठकीतली टिपणं समोर ठेवायची आणि फोनला मराठीतून सांगत जायचं. "ठराव सर्वानुमते मंजूर झाला" हे तो बिनचूक टिपतो. अडतो आडनावांवर. फळदेसाई एका वाक्यात 'फळ देसाई' होतात, पुढच्यात 'पण देसाई'. कुंकळ्येकरांचं 'कुंकू लेकर' होतं. सत्तरी तालुक्यातून पाहुणे आले म्हणावं, तर तिथे ७० उमटतो.

नीट न कळलेल्या आवाजाला यंत्र मागचंपुढचं बोलणं पाहून ओळखीचा शब्द जोडतं. म्हणून एकच नाव प्रत्येक वेळी निराळं चुकतं, आणि 'फाइंड अँड रिप्लेस' करायचं म्हटलं तर शोधायचं काय, हाच प्रश्न!

यावर मी सदस्यांना फुलांची नावं दिली आहेत. फळदेसाई म्हणजे अबोली, कुंकळ्येकर म्हणजे शेवंती. "अबोली यांनी सूचना मांडली, शेवंती यांनी अनुमोदन दिले." हे शब्द यंत्राच्या सवयीचे, त्यामुळे बहुतेकदा बरोबर उतरतात. शेवटी एकेक फूल बदलून खरं नाव घालायचं. 'यांनी' सुटं ठेवलं की विभक्तीचीही भानगड नाही. मात्र जाई कोणाला देऊ नये. सगळीकडे एकदम बदल केला, की 'काम सुरू केले जाईल'चं 'काम सुरू केले प्रियोळकरल' होतं. आणि पूजेच्या ठरावात खरी शेवंती आली असेल, तर ती हाताने सांभाळावी लागते. खजिनदारांना आपण जास्वंद आहोत हे अजून ठाऊक नाही.

आकड्यांना मात्र अशी टोपणनावं देता येत नाहीत. चुकलेलं नाव वाचताना खटकतं, चुकलेला आकडा खटकत नाही. मराठीत शंभरापर्यंतच्या संख्यांना आपापले शब्द, त्यातले कित्येक सख्खे भाऊ: तेवीस-तेहतीस, एकसष्ट-सदुसष्ट. गेल्या खेपेला कौलं तेवीस हजार, रंग साडेचौदा हजार, वायरिंग नऊ हजार सातशे अशी दरपत्रकं होती, बेरीज ४७,२००. मसुद्यातल्या आकड्यांची बेरीज आली ५७,२००. फरक बरोबर दहा हजारांचा, म्हणजे कुठेतरी दशक सरकलं. एका नजरेत कौलांचे ३३,००० सापडले.

तेव्हापासून रक्कम मी तुकड्यांत सांगतो: "दोन तीन शून्य शून्य शून्य". 'साडे', 'सव्वा', 'अडीच' तर फोनपुढे उच्चारतच नाही. अक्षरी रक्कम शेवटी हाताने, तीही मूळ दरपत्रक बघून लिहितो. मसुद्यातला आकडा बघून लिहिली, तर तेहतीस हजारही अक्षरात सुबक दिसतात.