मान उजवीकडे, हनुवटी डावीकडे

बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आधी आली आणि मागोमाग आजी, सून आणि नऊ आठवड्यांची मुलगी. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'उजवा टॉर्टिकॉलिस असावा. मानेची आणि खुब्याची सोनोग्राफी सांगितली आहे.' सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. अशी बाळं अधूनमधून येतात, पण या घरात भीती दुहेरी होती. मान वाकडी होतीच, शिवाय मानेत करवंदाएवढी गाठ लागत होती.

आई गाठीवरून बोट काढायला तयार नव्हती. "मॅडम, कॅन्सर नसेल ना?" हे तिनं तीनदा विचारलं. आजींचं निदान वेगळं होतं. "लचकलीय मान. मालीशवाल्या बाईनं एक झटका दिला की सुटंल. ही ऐकत नाही." सुनेनं ऐकलं नाही हे फार बरं झालं.

मी बाळाला हात न लावता आधी नुसतं बघत बसले. उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकलेला आणि हनुवटी मात्र डावीकडे. ही जोडी महत्त्वाची. कानामागून निघून छातीच्या आणि कॉलरच्या हाडाला जाऊन चिकटणारा जो स्नायू असतो तो उजव्या बाजूचा आखडला, की डोकं उजवीकडे कलतं आणि तोंड डावीकडे वळतं. कल आणि वळण दोन्ही एकाच बाजूला असतील तर मी थांबते आणि डॉक्टरांना फोन करते. इथे गाठही त्याच स्नायूच्या पोटात होती. स्नायूबरोबर हलत होती, दाबल्यावर बाळ रडत नव्हतं. सोनोग्राफीचा कागद आईच्या पिशवीतच निघाला : स्नायूच्या आतच, लांबट आकाराची जाडी, बाकी काही नाही. अशी गाठ जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी हाताला लागते आणि बहुतेक बाळांत काही महिन्यांत आपोआप विरते. हे सांगितल्यावर आईचं बोट गाठीवरून खाली आलं.

मग बाळाची मान अगदी हळू वळवून पाहिली. या वयात हनुवटी खांद्याच्याही थोडी मागे जायला हवी. डावीकडे ती सहज गेली, उजवीकडे खांद्याच्या बरीच अलीकडे अडली. अडण्याची जागा मऊ होती, ताणलेल्या रबरासारखी. तिथे हाडाला हाड लागल्यासारखी टणक अडकण लागली असती, किंवा मान आखूड आणि केसांची रेषा खाली दिसली असती, तर एक्स-रेशिवाय मी एकही ताण शिकवला नसता. कधी दोष मानेत नसतोच, डोळ्यात असतो. तेव्हा बाळ दोन्ही डोळ्यांनी नीट दिसावं म्हणून डोकं कलतं ठेवतं. त्या बाळांची मान हातानं पूर्ण वळते आणि झोपेत सरळ असते. ही मुलगी झोपेतही तशीच कललेली असते, असं आईनं सांगितलं आणि मोबाइलमधले फोटो दाखवले. बारशाच्या फोटोतही तोच कल होता.

कॉलरची हाडं चाचपली, दोन्ही हात सारखे हलतात का ते पाहिलं, मांड्या उघडून पाहिल्या. बाळ पायाळू होतं. वाकड्या मानेसोबत खुब्याचा सांधा कच्चा असण्याची शक्यता थोडी जास्त असते, त्यात हे पायाळू, म्हणून डॉक्टरांनी खुब्याची सोनोग्राफी आग्रहानं सांगितली होती. ती नंतर ठीक आली.

ताण दोनच शिकवले. पहिला : बाळ उताणं, आजींचा तळवा उजव्या खांद्यावर, खांदा वर उचलू द्यायचा नाही. आईनं दोन्ही हातांत डोकं धरून डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा. दुसरा : आजींचा हात छातीवर, आणि आईनं हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवायची. घरी गेल्यावर बाजू उलटी होणं ही नेहमीची भानगड, म्हणून बाळाच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधायला सांगितला. 'कान दोऱ्यापासून लांब, हनुवटी दोऱ्याकडे.' अडेल तिथे दहा ते तीस सेकंद धरून ठेवायचं, झटका नाही, जोर नाही. नेमके किती सेकंद आणि किती वेळा यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. मी लंगोट बदलताना दर वेळी दोन-तीनदा सांगते, कारण ते विसरलं जात नाही. बाळ अंग ताठ करून विरोध करू लागलं, रंग बदलला किंवा श्वास जड वाटला, की लगेच सोडायचं. रडत्या बाळाची मान ताणली तर ते ती आणखी आवळतं.

आजी म्हणाल्या, "एवढंच? एवढ्यानं काय व्हायचंय?"

त्यांची शंका बरोबर होती. दिवसभरातले ताण मोजले तर मिनिटं भरतात. उरलेले तास बाळ कसं निजतं, कुठे बघतं, त्यावर मान ठरते. म्हणून मी घरातली खोली विचारायला लागले. पलंग भिंतीला लावलेला. बाळाच्या उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला आई, दार, खिडकी, सगळं जग! बाळ डावीकडेच बघणार. डोक्याच्या मागे डावीकडे केस झिजून चपटी जागा झाली होती ती त्यामुळेच. डोक्याची जागा पायाकडे आणि पायाची डोक्याकडे केली की भिंत डावीकडे जाते आणि आई उजवीकडे येते. एक पैसा खर्च नाही. डाव्या बाजूला पाजताना ती चिडते, हेही आता आईला उमगलं, कारण तिथे तोंड उजवीकडे वळवावं लागतं. तिथे पूर्ण अंगच आईकडे वळवून घ्यायला दाखवलं.

कडेवर घ्यायची रीतही बदलली. बाळाची पाठ आपल्या छातीला, उजवी कूस खाली, आपला उजवा हात बाळाच्या उजव्या कानाखालून घालून डोकं किंचित वर उचललेलं, डावा हात मांड्यांमधून. फिरता फिरता ताण बसतो आणि बाळाला कळतही नाही. जागेपणी, कुणी शेजारी असताना, पालथं घालायचं. झोपवायचं मात्र उताणंच. मोहरीची उशी घरात होती, ती काढायला लावली. झोपेत बाळाच्या डोक्याशी उशी नको, आणि चपटेपणावरही तिचा भरवसा नाही. मालीश चालू द्या म्हटलं, पण मानेला बाईचा हात नको. आजी जरा खट्टू झाल्या.

पुढच्या खेपांना हनुवटी हळूहळू मागे सरकत गेली. चौथ्या महिन्यात गाठ शोधावी लागली. सहाव्या महिन्यात दोन्ही बाजूंचं वळण जवळजवळ सारखं झालं, तरी दमली की डोकं उजवीकडे कलायचं. तिथे ताण उपयोगाचा नव्हता, डाव्या बाजूचा स्नायू कमी पडत होता. म्हणून तिला मांडीवर बसवून धड सावकाश उजवीकडे कलवायचं, म्हणजे डोकं सरळ ठेवायला डावी बाजू काम करते. हा खेळ आजींनी उचलला आणि त्यात सुनेलाही मागे टाकलं.

चपटी जागा थोडी अजून आहे. आजींनी विचारलं, चालायला लागल्यावर पुन्हा वाकडी होईल का. ताप-सर्दीत किंवा नवी हालचाल शिकताना कल परत दिसू शकतो, म्हणून ती चालायला लागली की एकदा दाखवून जायला सांगितलंय. वर्षभरातही मान सुटली नसती तर डॉक्टरांशी शस्त्रक्रियेबद्दल बोलावं लागलं असतं, हेही सांगितलं. त्यावर आजींनी लाल दोरा सोडून माझ्या टेबलावर ठेवला. "दुसऱ्या कुणाला लागंल," म्हणाल्या.