पल्सचं एवढं काय? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"मॅडम, बीपी तर छान आहे ना, मग पल्स शंभर-एकशेदहा झाली तर एवढं काय बिघडतं?"

सर्जन विचारतात, नवीन आलेले रेसिडेंट विचारतात, एकदा तर पेशंटच्या मुलीने विचारलं आणि तिला मी धड उत्तर देऊ शकले नाही. बावीस वर्षं भूल देतेय पुण्यात, त्यातली निम्मी वर्षं मी स्वतःच हे वाक्य म्हणत होते, त्यामुळे आता कोणी म्हटलं की राग नेमका कोणावर येतो ते मलाच कळत नाही.

आधी ती केस सांगते, कारण तिच्याशिवाय बाकीचं सगळं पुस्तकी वाटेल.

काका ६८ वर्षांचे, सदाशिव पेठेतले. डायबेटिस, बीपी, आणि "मी रोज पर्वती चढतो हो मॅडम" हे दर दोन वाक्यांनंतर. बाथरूममध्ये घसरून खुबा मोडला, शनिवारी ॲडमिट झाले. ऑपरेशन रविवारी ठरलं, मग सोमवारवर गेलं, आणि या दोन दिवसांत कोणीतरी फाईलवर 'उपाशी ठेवा' लिहिलं आणि कोणीतरी 'बीपी १२४ आहे, बीपीची गोळी नको' असं ठरवलं. ती गोळी बीटा ब्लॉकर होती. सहा वर्षं चालू असलेली. ती अशी अचानक बंद केली की हार्ट ॲड्रिनलिनला नेहमीपेक्षा जास्त दाद देतं, हे मला माहीत होतं, आणि फाईल मी वाचलीही होती. नीट वाचली नव्हती. हे आधीच कबूल करून टाकते म्हणजे पुढे कोणी शोधून काढायला नको.

स्पायनल, म्हणजे पाठीतून कमरेखालची भूल, दिलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं, रक्त गेलं ते हिप सर्जरीत जातं तेवढंच. रिकव्हरीत आणलं तेव्हा स्पायनल उतरायला लागलं होतं, काका कुडकुडत होते, एसी फुल. पल्स ११२, बीपी १३४/८२. सर्जनने फोनवर विचारलं, मी म्हणाले, "बीपी मस्त आहे, पल्स जरा वर आहे, दुखत असेल." आणि पुढच्या केसला गेले. ऑक्सिमीटरची ती टिकटिक पाठीमागे घाईघाईने वाजत होती, ती मला आजही ऐकू येते, आणि मी नाट्यमय बाई नाहीये.

पन्नास मिनिटांनी सिस्टरने हाक मारली. "मॅडम, काका अस्वस्थ वाटतायत, घाम आलाय." छातीत दुखतंय का, तर नाही, काहीच नाही, डायबेटिसवाल्यांना पुष्कळदा दुखतच नाही. बीपी १२६/७८. पल्स ११४. ईसीजीचा मॉनिटर तीन वायरींचा, लीड टू लावलेला, त्यावर फारसं काही दिसत नव्हतं. मग उजव्या हाताचा इलेक्ट्रोड काढून छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी लावला, डाव्या हाताचा छातीच्या डाव्या बाजूला व्ही-फाईव्हच्या जागी, मॉनिटरवर लीड वन केलं. ईसीजीतला एसटीचा भाग सरळ दोन मिलिमीटर खाली. म्हणजे डाव्या व्हेंट्रिकलच्या भिंतीचा आतला थर ऑक्सिजनसाठी तडफडत होता, कदाचित मी फोनवर 'मस्त' म्हणाले तेव्हापासून.

आता तुमचा प्रश्न. माझ्या जुन्या मी-चा युक्तिवाद आधी मांडते कारण तो मूर्ख नव्हता. ती म्हणायची, हार्टला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरीला ऑटोरेग्युलेशन आहे, प्रेशर साधारण ६० ते १४० च्या मधे असेल तर छोट्या आर्टेरिओल्स स्वतः आकुंचन-प्रसरण करून फ्लो जवळपास सारखा ठेवतात, मग मीन प्रेशर ९५-१०० असताना काळजी कसली? बरोबर आहे, पण ते निरोगी आर्टरीचं आणि अख्ख्या भिंतीच्या सरासरीचं बोलणं आहे. आणि त्यात फक्त प्रेशर आहे, वेळ कुठेच नाही.

पुण्यात राहणाऱ्याला हे सांगायला सोपं आहे. खडकवासला भरलेलं आहे, मेन लाईनला प्रेशर आहे, पण तुमच्या सोसायटीला पाणी सकाळी दीड तास येतं. बीपी म्हणजे ते लाईनमधलं प्रेशर. डावं व्हेंट्रिकल आकुंचन पावतं तेव्हा स्वतःच्याच आतल्या रक्तवाहिन्या पिळून बंद करतं, त्यामुळे त्याचं पाणी मुख्यतः डायस्टोलमध्ये, म्हणजे ते सैल पडतं तेव्हा, येतं, आणि सगळ्यात जास्त पिळला जातो तो आतला थर, म्हणजे आपला सगळ्यात वरचा मजला. पल्स वाढली की सिस्टोल, म्हणजे पिळण्याचा वेळ, थोडाच आखडतो, कात्री लागते ती डायस्टोलला.

काकांचंच गणित करू, आकडे ढोबळ आहेत. जुन्या ओपीडी पेपरवर गोळी चालू असताना पल्स ७२. म्हणजे एक ठोका साधारण ०.८३ सेकंदांचा, त्यातला सिस्टोल ०.३३, उरला अर्धा सेकंद. ७२ वेळा अर्धा, म्हणजे मिनिटात ३६ सेकंद नळ चालू. ११२ ला एक ठोका ०.५४ सेकंदांचा, सिस्टोल ०.२७, उरलं तेवढंच, म्हणजे मिनिटाला ३० सेकंद. सहा सेकंद गेले, त्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण दुसऱ्या बाजूला ठोके दीडपटीहून जास्त झाले, आणि प्रत्येक ठोक्याला ऑक्सिजन लागतोच, तेव्हा मागणी ढोबळमानाने तेवढीच वाढली. दीडपट पाणी, सहाव्या हिश्शाने कमी वेळात. म्हणजे नळ चालू असेल तेव्हा धार जवळपास दुप्पट हवी.

आणि शिवाय रक्त पातळ झालेलं. हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी ११.८, नंतर ८.९. त्याच धारेत आता तीन-चतुर्थांश ऑक्सिजन. दुप्पटचं झालं अडीचपट.

इतर कुठल्याही अवयवाने इथे रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून वेळ मारून नेली असती. पायाचा स्नायू तसंच करतो. हार्टकडे ती पळवाट जवळपास नाही, ते आरामात बसलेलं असतानाच आलेल्या ऑक्सिजनपैकी ७० ते ७५ टक्के काढून घेतं, कोरोनरी सायनसमधलं रक्त म्हणूनच इतकं काळं असतं. त्यामुळे मागणी वाढली की फ्लोच वाढवावा लागतो. आर्टरी चांगली असेल तर आर्टेरिओल्स उघडतात आणि फ्लो चौपट-पाचपट होऊ शकतो. कॉलेजातल्या पोराची पल्स ११२ झाली तर मी बघतसुद्धा नाही, पंचवीस वर्षांच्या पोराला अडीचपट म्हणजे किरकोळ.

काकांच्या आर्टेरिओल्स मात्र आधीच उघडून बसलेल्या होत्या. पुढे मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली तेव्हा एलएडी आणि सर्कमफ्लेक्स या डाव्या बाजूच्या दोन मोठ्या आर्टरींत ८० आणि ७० टक्के ब्लॉक निघाला. ब्लॉकच्या पलीकडे प्रेशर पडलेलं असतं, ते भरून काढायला खालचे व्हॉल्व्ह, म्हणजे त्या आर्टेरिओल्स, रोजच बरेचसे उघडे ठेवावे लागतात. ऑटोरेग्युलेशन बिघडलं नव्हतं, ते संपलं होतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा झाला की तो काही नियंत्रण करत नाही, मग फ्लो फक्त दोन गोष्टींवर, प्रेशर किती आणि वेळ किती. आणि आतल्या थराचं हे आधी संपतं. कफने दंडात मोजलेलं १३४/८२ ब्लॉकच्या अलीकडचं असतं, पलीकडे काय चाललंय ते तो सांगत नाही. पर्वती कशी चढायचे मग? हळू. गोळी घेऊन. पल्स वर जाऊच न देता. ती गोळी बीपीची नव्हतीच एका अर्थाने.

आणि म्हणून मी पल्सकडे बघते. बाकी बहुतेक गोष्टी एकतर मागणी वाढवतात किंवा पुरवठा कमी करतात. बीपी वाढलं तर भिंतीवरचा ताण वाढतो, पण ढकलणारं प्रेशरही वाढतं, निदान अर्धी भरपाई होते. पल्स एकाच वेळी दोन्हीकडून कापते. बीपी २०० आणि पल्स ६०, किंवा बीपी १०० आणि पल्स १२०, गुणाकार दोन्हीचा १२,०००, पण खराब आर्टरीच्या माणसासाठी मला कुठलं नको असेल ते सांगायला लागू नये.

काकांचं काय केलं? सरळ पल्सवर औषध मारलं नाही, आणि याचं श्रेय घेत नाही, मला भीती वाटली होती. रक्त गेलेल्या माणसात ती पल्सच आउटपुट धरून ठेवत असते, ती पाडली आणि बीपीही पडलं तर ब्लॉकच्या पलीकडे उरलंसुरलंही गेलं. आधी ऑक्सिजन, मांडीतली नस बधिर करून दुखणं थांबवलं, गरम ब्लँकेट, कुडकुडण्याचं औषध, रक्ताची पिशवी लावली. पल्स ९६ वर आली. मग एस्मोलॉल, झटपट उतरणारा बीटा ब्लॉकर, दहा-दहा मिलिग्रॅम, दर वेळी बीपी बघत. ८० ला एसटी वर सरकायला लागला आणि साधारण पंचवीस मिनिटांत रेषेवर आला. दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिन वाढलेलं होतं. म्हणजे काही स्नायू गेलाच. मुलीने विचारलं, "बीपी नॉर्मल होतं ना पूर्ण वेळ?" मी "हो" म्हणाले. खरंच होतं.

त्यानंतर दोनेक वर्षं मी असह्य झाले होते. प्रत्येकाची पल्स ७० च्या खाली हवी, उठसूट बीटा ब्लॉकर. तेव्हा पॉईज ट्रायल येऊन कित्येक वर्षं झाली होती. २००८ साली, आठ हजारांवर पेशंट, ऑपरेशनच्या काही तास आधी मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरचा तगडा डोस सुरू केला. हार्ट अटॅक कमी झाले, अगदी माझ्या गणिताप्रमाणे. आणि मृत्यू वाढले, स्ट्रोक दुप्पट झाले. मी ते वाचलं होतं आणि 'डोस जास्त होता' म्हणून बाजूला ठेवलं होतं. डोस जास्त होताच, पण तेवढं म्हणून सुटका होत नाही, कारण बीपी पडलेले आणि रक्तस्रावात पल्स वाढवू न शकलेले पेशंट त्या आकड्यांत आहेत. चालू असलेली गोळी बंद करायची नाही, ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची, यावर मी ठाम आहे. नवीन सुरू करून पेशंट थेट टेबलावर घ्यायचा नाही, यावरही. मधल्या जागेत, म्हणजे कुणाची ९४ चालेल आणि कुणाची ८४ सुद्धा नको, तिथे मी अजून रोज अंदाजच करते.

परवाच रेसिडेंट म्हणाली, "मॅम, ९८ आहे, एस्मोलॉल काढू?" मी म्हटलं आधी का आहे ते सांग. दुखत नव्हतं, रक्त गेलं नव्हतं, तापही नाही. तिने चादर उचलली तर कॅथेटर मांडीखाली दुमडलेला, ब्लॅडर टम्म. सरळ केला, पिशवीत सातशे मिली आलं, पल्स ७६.