आमची वाटचाल : पेटी, चॅनेल आणि डोळ्याचा आकडा

देवगडची आमची आंब्याची कलमं आजोबांनी लावली. माल वाशीच्या बाजारात धाडायचा आणि पट्टी येईल ती घ्यायची, हेच वर्षानुवर्षं चाललं. 2020च्या लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा घरपोच पेट्या दिल्या. गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली, पण तिला 256ची मर्यादा. शिवाय ज्याने आमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला निरोप पोचतच नाही. म्हणून मावसभावाने टेलिग्रामवर चॅनेल काढून दिलं आणि प्रश्न विचारता यावेत म्हणून त्याला एक ग्रुप जोडला. मधले दोन हंगाम बरे गेले.

मग तो हंगाम आला. आमचे सभासद 640, आणि आमच्याच तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याचे चार हजार. आंबे उतरवायच्या माझ्या झेल्याचा फोटो, हात माझा, झाड माझं, त्याच्या चॅनेलवर त्याच्या बागेचा म्हणून आला. ती गोष्ट मला अजून लागते. त्या ईर्षेने मी दिवसाला सहा-सहा पोस्ट टाकू लागलो. झेल्याने फळ देठासकट अलगद उतरवतानाचा एक व्हिडिओ टाकला, त्याखाली डोळ्याचा आकडा, म्हणजे पोस्ट किती वेळा बघितली गेली तो, 5,200 वर गेला. मी हरखलो आणि 80 पेट्यांचा माल उतरवून पिकायला अढीत घातला. विकल्या 19. उरलेला पिकून कॅनिंगला किलोच्या भावाने द्यावा लागला. त्या वर्षी खताचे पैसे सोसायटीतून उचलून भागवले.

पावसाळ्यात वही घेऊन बसलो. पहिली चूक डोळ्यातच होती. टेलिग्रामवर पोस्ट कुणी पुढे पाठवली, तर तिकडे बघणाऱ्यांची मोजणीही मूळ पोस्टच्याच आकड्यात पडते. म्हणजे 5,200 मधले बहुतेक लोक आमचे नव्हतेच. ते कुठल्या कुठल्या ग्रुपात व्हिडिओ बघून पुढे गेले. शिवाय नुसती पोस्ट अंगठ्याने सरकवली तरी ती बघितली असंच धरलं जातं. आकडा दिवसेंदिवस वाढतही राहतो, म्हणून जुन्या पोस्टची तुलना नव्याशी करायची नाही. आता मी प्रत्येक पोस्टचा आकडा टाकल्यापासून बरोबर 24 तासांनी वहीत उतरवतो आणि सभासदांच्या संख्येने भागतो. पेटीच्या भावाची पोस्ट साधारण 400 जण बघत होते, म्हणजे शंभरात साठ-बासष्ट. त्या व्यापाऱ्याचा डोळाही उघडच दिसतो. चार हजारांत 300, म्हणजे शंभराला आठही नाहीत. हे आधी मोजलं असतं तर ती ईर्षा झालीच नसती.

दुसरी गोष्ट प्रतिक्रियांची. मोहोराच्या आणि समुद्राच्या फोटोला 60-70 हृदयं, भावाच्या पोस्टला दोन-तीन अंगठे. त्यामुळे मी भावाच्या पोस्ट कमी केल्या होत्या. वहीत पेट्यांचा रकाना शेजारी आखला तेव्हा दिसलं की, ऑर्डरी त्या दोन-तीन अंगठ्यांच्या पोस्टवरूनच येत होत्या. हृदय द्यायला आंबा घ्यावा लागत नाही. प्रतिक्रिया जोखायच्या तर मोहोराची मोहोराशी आणि भावाची भावाशी जोखा.

खरं काय ते पोस्टखाली आलेल्या लोकांच्या उत्तरांनी सांगितलं. पहिल्या हंगामापासून पेटी घेणाऱ्या ठाण्याच्या काकूंनी एकदा खाली लिहिलं, ‘‘पेटी चार डझनाची की पाचाची, तेवढं आधी सांगत जा रे. दरवेळी फोन करावा लागतो.’’ मग त्या हंगामातले सगळे प्रश्न काढून वाचले. निम्म्याहून अधिक तेच होते : डझन किती, ठाण्या-पुण्याला कधी पोचेल, आतला गर खराब, म्हणजे साका निघाला तर बदलून देणार का. हे तिन्ही मी पोस्टच्या तळाला लिहीत होतो, आणि नोटिफिकेशनमध्ये वरच्या एक-दोन ओळीच दिसतात.

पुढच्या हंगामात पहिल्याच ओळीत डझन आणि भाव, दुसरीत गाडी कुठे कधी पोचेल आणि साका निघाल्यास काय, असं लिहिलं. दिवसाला एकच पोस्ट, तीही रात्री साडेआठला, कारण सकाळी अकराला लोक कामात असतात. सहा पोस्टच्या काळात चॅनेलच्या आकडेवारीतला `Enabled Notifications`चा आकडा घसरत चालला होता. म्हणजे लोक चॅनेल सोडत नव्हते, आवाज बंद करून ठेवत होते. ती घसरण थांबली.

पहिल्या पंधरवड्यात खालचे प्रश्न मात्र निम्म्यावर आले आणि माझ्या पोटात गोळा आला. मावसभावाने पेट्यांचा रकाना दाखवला : त्याच पंधरवड्यात 43 पेट्या गेल्या होत्या, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. उत्तर वरच मिळाल्यावर विचारणार कशाला? म्हणून लोकांची उत्तरं नुसती मोजू नका, वाचा. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की तो पहिल्या ओळीत घ्या.

आता अढी घालण्याआधी चॅनेलवर विचारतो, ‘‘पुढच्या गुरुवारच्या गाडीला कुणाला किती?’’ जेवढी नावं येतात तेवढाच माल उतरवतो, वर पाच पेट्या. काकूंचं नाव पहिलं असतं, दोन पेट्या, चार डझनाच्या.