सहावं बोट आणि वाकडं ‘सुस्वागतम्’: माझा अनुभव

माझं डीटीपीचं छोटंसं काम आहे, पत्रिका, बॅनर, असलं सगळं. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या काकू आल्या, सुनेचं डोहाळजेवण होतं, म्हणाल्या की पत्रिकेवर हिरव्या साडीतली बाई हात जोडून उभी पाहिजे आणि मागे तोरणाखाली ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं. फोटो विकत घेण्यापेक्षा आपल्याच कॉम्प्युटरवर करू म्हणून Stable Diffusion 1.5 हे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं AI मॉडेल घेऊन बसले, कारण माझ्या जुन्या ग्राफिक कार्डावर तेवढंच चालतं. साडी झकास आली, चेहरा बरा, तोरण तर एकदम मस्त. पण जोडलेल्या हातांना एका चित्रात सहा बोटं, दुसऱ्यात दोन्ही तळवे वितळून एकच झालेले, आणि तोरणाखाली काय होतं तर वर एक सरळ शिरोरेषा आणि खाली काहीतरी लोंबतंय, लांबून मराठी वाटावं आणि जवळून एक अक्षर लागू नये.

मला वाटलं प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मी लिहिलेल्या वर्णनात चुकतंय. five fingers लिहून पाहिलं, काय नको ते लिहायच्या negative रकान्यात extra fingers टाकलं, चाळीसेक चित्रं काढली, फरक म्हणावा असा काही नाही. शेवटी म्हटलं आधी हे बघू की चूक नक्की कुठे होते.

झालंय असं की हे मॉडेल थेट चित्रावर काम करतच नाही. 512 बाय 512 चं चित्र आधी 64 बाय 64 च्या एका लहान जाळीत दाबलं जातं, म्हणजे मूळच्या 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनाला जाळीतलं एकच घर मिळतं. त्या चौकोनात लाल-हिरवा-निळा धरून 192 आकडे असतात आणि घरात फक्त 4. मॉडेल चित्र तयार करतं ते या जाळीत, आणि शेवटी VAE नावाचा भाग ती जाळी उलगडून आपल्याला दाखवतो. आता माझ्या चित्रात बाई पूर्ण उभी, तिचा हात जेमतेम 40 पिक्सेल रुंद, म्हणजे पाच घरं. एका बोटाला एक घर धड येत नाही. त्यात दोन बोटांमधली ती काळपट फट, ती कुठे मावणार?

हे खरं की माझी समजूत, म्हणून एक टेस्ट केली. चित्र तयार करायचंच नाही, खरा फोटो घ्यायचा, फक्त दाबायचा आणि उलगडायचा:

```
z = vae.encode(x).latent_dist.mean
y = vae.decode(z).sample
```

एका जुन्या समारंभाचा फोटो घेतला, लहान करून 512 ला आणला. मागच्या बॅनरवरची बारीक अक्षरं लहान केल्यावरही वाचता येत होती, पण यातून बाहेर आली तेव्हा त्यांच्या मुंग्या झाल्या होत्या, लांब उभ्या असलेल्या माणसांची बोटं एकमेकांना चिकटली होती. पुढे उभ्या आजीचा मोठा दिसणारा हात मात्र जसाच्या तसा. म्हणजे इथे मॉडेलनं काही रचलंच नव्हतं, तरी निम्मा घोटाळा झालेला होता.

मग वाटलं हात मोठा काढला की सुटलो. नुसत्या तळव्याचं क्लोजअप काढलं, अख्ख्या चित्रभर हात, कातडीवरच्या रेषासुद्धा सुंदर, आणि बोटं सहा! इथे जागेची अडचण अजिबात नाही, म्हणजे कारण दुसरंच.

यासाठी मी स्टेप्स थांबवून मधली चित्रं बघितली. सुरुवातीला नुसता दाणेदार गोंधळ, त्यातून आधी कातडीच्या रंगाचा एक ढग येतो, मग त्याच्या कडेला उभे पट्टे पडायला लागतात, आणि ते पट्टे पुढे बोटं होतात. सगळी एकदम, आपण काढतो तशी अंगठ्यापासून एकेक करून नाही. बोटाशेजारी बोट असतं हे मॉडेलनं लाखो फोटोंतून पक्कं शिकलंय, पण पाच झाली आता थांबा असं सांगणारं त्यात कोणी नाही. लांबचं बघायची सोय त्याला असते, मोजायची अशी वेगळी नसते. आणि शिकताना तरी काय बघितलं असणार, हातात कप धरलेला, मूठ वळलेली, दोघांनी हात मिळवलेले. कुठे तीन बोटं दिसतात, कुठे आठ, आणि फोटोखालच्या ओळीत ‘बाई चहा पिताना’ एवढंच, किती बोटं दिसतायत हे कोण लिहितंय! म्हणून five fingers लिहून काही होत नव्हतं, त्या शब्दांची बोटांच्या संख्येशी गाठच नीट बसलेली नाही. नमस्कारात तर दोन हात एकमेकांवर, बोटांच्या मागे बोटं, म्हणजे आणखीनच पंचाईत.

अक्षरांचं दुखणं याच्याही आधी सुरू होतं. प्रॉम्प्ट वाचणारा भाग म्हणजे CLIP, तो शब्दाचे तुकडे करतो. welcome हा त्याला एक अख्खा तुकडा, एक नंबर, कॅपिटलमध्ये लिहिलं तरी तो स्मॉल करूनच घेतो. आत कुठली अक्षरं कुठल्या क्रमानं आहेत हे पुढे चित्र काढणाऱ्याला कोणी सांगतच नाही, म्हणून पाट्यांवर WELCOEM असलं काहीतरी येतं. मराठीत उलटं. ‘सुस्वागतम्’ कॉम्प्युटरला 10 चिन्हं आहेत, स, उकार, स, हलंत, व असं करत, आणि UTF-8 मध्ये 30 बाइट. तो शब्द टाकला की प्रॉम्प्टच्या कोपऱ्यातला तुकडे मोजणारा काउंटर टुणकन उडी मारायचा, म्हणजे शब्दाचा नुसता भुगा होत होता, आणि CLIP शिकलाय बहुतेक सगळा इंग्रजी मजकुरावर, त्याला त्या भुग्यातून काय कळणार. मग मी इंग्रजीत Devanagari lettering लिहिलं तर दिसायला देवनागरी आलं, शिरोरेषेसकट, फक्त वाचता येत नाही एवढंच. 2024 मध्ये आलेल्या Stable Diffusion 3 मध्ये घरातले आकडे 4 चे 16 केले आणि मजकूर वाचायला T5 नावाचा आणखी एक मोठा भाग जोडला, त्यामुळे इंग्रजी पाट्या बऱ्याच सुधारल्या, पण माझ्या कार्डावर ते काही चालेना.

तर मी काय केलं ते सांगते. अक्षरांचा नाद सोडला, तोरणाखालची जागा पुसून रिकामी केली आणि Inkscape मध्ये मुक्ता फॉन्टमध्ये ‘सुस्वागतम्’ टाइप केलं, दोन मिनिटांचं काम. हातासाठी चित्राचा ठरावीक भागच नव्यानं काढणाऱ्या inpaint मध्ये Only masked निवडलं, त्यात तेवढाच तुकडा कापून 512 ला मोठा करून नव्यानं काढला जातो आणि परत लहान करून जागेवर बसतो, म्हणजे पाच घरांच्या जागी हाताला भरपूर घरं मिळाली. तरी जुनं चित्र किती बदलायचं ते ठरवणारं denoising 0.75 ठेवलं की परत सहा बोटं, 0.3 ठेवलं की जुनीच चूक चकचकीत होऊन यायची. शेवटी GIMP मध्ये माउसनं कातडीच्या रंगाचे पट्टे ओढून, फटी काळपट करून, लहान पोरं काढतात तसे जोडलेले हात काढले आणि 0.5 वर चालवलं. तिसऱ्या वेळेस बरोबर आले, कारण मोजायचं काम आता मी करून दिलं होतं.

काकूंना प्रिंट दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, ‘छान झालंय गं, पण एका हातात सात बांगड्या आणि दुसऱ्यात चारच कशा?’

परत GIMP उघडलं.