गिअरबॉक्सचं तेल, पण कुठल्या गिअरबॉक्सचं?

कराडजवळच्या आमच्या गॅरेजात त्या सकाळी जुनी इनोव्हा आली, ती पंपाच्या घुरघुराटासह. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, स्टेअरिंगचं ऑइल कमी झालं होतं. एकानं सांगितलं, गिअरबॉक्सचं चालतं. काल भरलं, पण आवाज उलट वाढला."

सांगणारा अर्धाच चुकला होता. या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगला डेक्सरॉन २ किंवा ३ लागतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ, लाल एटीएफ. याने ओतलं होतं हाताच्या गिअरचं ७५डब्ल्यू-९०. टाकीचं झाकण उघडलं तर आत तपकिरी फेस आणि गंधकाचा तो ओळखीचा वास. इतकं जाड तेल थंडीत पंपाला नीट ओढता येत नाही. त्यात पोकळ्या होतात आणि पंप ओरडतो.

रिटर्न पाइप टाकीवरून काढून डब्यात सोडला, टाकीच्या त्या तोंडाला बूच मारलं. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं. पोरगा वरून ताजं एटीएफ ओतत होता. डब्यात स्वच्छ लाल यायला लागेपर्यंत जवळपास अडीच लिटर गेलं. पाइप जोडून पुन्हा तसंच फिरवत हवा काढली, मगच इंजिन चालू केलं. टोकाला स्टेअरिंग दाबून धरायचं नाही, तिथे पंपावर सगळ्यात जास्त दाब येतो.

पण मुळात तेल गेलं कुठे? ते इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे गळतंय. चाकं वळवणाऱ्या स्टेअरिंग रॅकच्या डाव्या रबरी बुटाची क्लिप सोडली आणि तेल ओघळलं. रॅकचं सील गेलं होतं. नुसतं भरून दिलं असतं तर पंधरवड्यात गाडी परत आली असती.

हे चालू असतानाच एक काका वॅगन-आर घेऊन आले. हातात एटीएफची बाटली. "स्टेअरिंग जड झालंय, हे कुठल्या झाकणात ओतू?" त्यांचं बोट ब्रेक ऑइलच्या टाकीवर होतं. मी आधी बाटली काढून घेतली. ब्रेकमध्ये हे तेल गेलं की आतली रबरं फुगतात, ब्रेकच निकामी होतात.

त्यांच्या गाडीला स्टेअरिंगची टाकीच नाही. तिथे पंप नाही, कॉलमवर मोटर आहे आणि ती बॅटरीवर चालते. डॅशबोर्डवर ईपीएसचा, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा दिवा पेटलेला होता. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा क्षार जमला होता, पकडही ढिली होती. गाडी उभी असताना चाक वळवलं की मोटर भरपूर करंट खेचते. तो मिळाला नाही की व्होल्टेज पडतं आणि यंत्रणा मदत थांबवते. टर्मिनल गरम पाण्याने धुऊन, घासून घट्ट केलं. इंजिन चालू करून मीटर लावला, १४.१ व्होल्ट. दिवा विझला, स्टेअरिंग हलकं झालं. बाटली मात्र काका दुकानात परत करायला घेऊन गेले.