हरवलेला पट फोनवर मांडताना: चार मोहरी, तीन फोन

पहिला फोन

सांगलीच्या मित्राने मंडळातल्या एका टेबलावर कोणीतरी मांडून ठेवलेला बुद्धिबळाचा पट टिपला आणि एकदाच उघडणारा फोटो म्हणून पाठवला. खाली लिहिलं होतं, "पांढऱ्याची खेळी, बरोबरी साधा." ठाण्याच्या मित्राने तो लोकलमध्ये उघडला, दहा सेकंद पाहिला आणि बंद केला. तेवढ्यावर फोटो संपला. पाठवणाऱ्याच्या गॅलरीतही प्रत नव्हती आणि टेबलावरची मोहरी तोवर पेटीत गेली होती. आता पट उरला होता तो दोघांच्या आठवणीत.

"खाली डाव्या कोपऱ्यात पांढरा राजा. एवढं नक्की."

"बरोबर. उजव्या कडेला काळा राजा, खालून तिसरी रांग. त्याच रांगेत एक घर सोडून पांढरं प्यादं."

"आणि डाव्या कडेला काळं प्यादं, खालून चौथ्या रांगेत."

"चौथ्या? मला वाटतं तिघं एकाच रांगेत होते."

हा शेवटचा मतभेद बाजूला ठेवून सांगलीकराचं, म्हणजे चौथ्या रांगेचं म्हणणं आधी धरलं. घराचं नाव म्हणजे उभ्या ओळीचं अक्षर, पांढऱ्याच्या डावीकडून a ते h, आणि रांगेचा आकडा. ती नावं फोनवर सांगताना बी, सी, डी, ई, जी हे सगळे उच्चार सारखेच ऐकू येतात. गाडीच्या आवाजात c6 चं e6 व्हायला वेळ लागत नाही. दृष्टिहीन खेळाडूंच्या स्पर्धांत यासाठी ठरलेले शब्द आहेत: अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर. तेच वापरावेत. आकडे तिथे जर्मनमध्ये सांगतात, पण दोघं मराठी बोलणारे असले तर मराठी आकडे चालतात, फक्त सात आणि आठ स्पष्ट म्हणायचे.

लिहून घेताना मोहरी एकेक करून नव्हे, तर आठव्या रांगेपासून पहिलीपर्यंत रांगेने घ्यावीत आणि रिकामी घरंही मोजून सांगावीत. पट एका ओळीत लिहायची FEN ही पद्धत तशीच चालते. K म्हणजे राजा, P म्हणजे प्यादं, मोठी अक्षरं पांढऱ्याची, लहान काळ्याची, आकडा म्हणजे सलग रिकामी घरं, आणि रांगांनंतरचा w म्हणजे पांढऱ्याची खेळी. प्रत्येक रांगेची बेरीज आठ यायला हवी, त्यामुळे एखादं घर सुटलं तर लगेच कळतं. पहिल्या फोनअखेर कागदावर हे होतं:

```
8/8/8/8/p7/5P1k/8/K7 w - - 0 1
```

बेरजा जुळतात, मांडणी नियमात बसते आणि पांढऱ्याला बरोबरीही मिळते. तरीही पट चुकला होता.

दुसरा फोन

चूक कशावरून कळली? बरोबरी फार स्वस्तात मिळत होती, त्यावरून. या मांडणीत पांढरा राजा a1 वर बसून राहिला तरी पुरतं. काळा राजा f3 चं प्यादं खाईल, पण कडेचं प्यादं कोपऱ्यात बसलेल्या राजाला हलवू शकत नाही. पांढऱ्या प्याद्याला तर काही कामच नाही. कोडं रचणारा एकही मोहरा उगाच ठेवत नाही. पटावर चारच मोहरी असताना त्यातलं एक बिनकामाचं निघालं की मांडणीवर शंका घ्यायचीच.

ठाणेकराने आधी घरांचे रंग तपासले. राजाचा कोपरा काळा होता, हे दोघांनाही आठवत होतं, आणि a1 काळंच असतं. पण ही चाचणी इथे फसते, आणि का फसते ते समजून घेण्यासारखं आहे. पट आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटला तर प्रत्येक घराचा रंग बदलतो, म्हणून ती चूक रंगावरून पकडता येते. पट अर्धा फिरवला, म्हणजे समोरच्या खुर्चीवरून पाहिला, तर मात्र सगळे रंग जागच्या जागी राहतात. a1 काळं, तसंच h8 ही काळं.

म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा होता.

"फोटो काढताना तू कुठल्या बाजूला उभा होतास?"

"दाराच्या बाजूला." थोडं थांबून, "म्हणजे काळ्याच्या खुर्चीमागे. आणि लाकडी पट, कडेला अक्षरं नव्हती."

पट फिरवायचा नियम सोपा आहे. a च्या जागी h, b च्या जागी g, c च्या जागी f, d च्या जागी e, आणि रांगेचा आकडा नवातून वजा. a1 चं h8 झालं, h3 चं a6, f3 चं c6, a4 चं h5.

```
7K/8/k1P5/7p/8/8/8/8 w - - 0 1
```

पट पुन्हा वाचून दाखवल्यावर दोघंही क्षणभर गप्प झाले. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीची 1921 ची रचना! पुढे 1925 मध्ये साओ पावलोला याच रेटीने पट न पाहता एकाच वेळी 29 डाव खेळले होते.

तिसरा फोन

राहिला प्रश्न काळ्या प्याद्याचा. नाव ओळखलं म्हणून जागा सिद्ध होत नाही, कारण ओळखीचा पट दिसला की आठवण आपोआप त्याच्याकडे झुकते. म्हणून उत्तर काढूनच तपासलं.

h5 धरलं तर पहिली खेळी राजा g7. काळा h4. मग राजा f6. इथे काळा प्यादं दामटेल तर h3, राजा e7, h2, c7, काळा राजा b7, पांढरा राजा d7. दोघांचेही वजीर होतात आणि पांढऱ्याचा शहासकट, म्हणून बरोबरी. काळ्याचा चांगला प्रतिकार म्हणजे दुसऱ्या खेळीला राजा b6, c6 खाण्यासाठी. त्यावर राजा e5! काळ्याने c6 खाल्लं तर राजा f4 वर येतो आणि h चं प्यादं गाठतो. काळ्याने h3 केलं तर राजा d6 वर येऊन स्वतःच्या प्याद्याला साथ देतो. e5 वरून दोन्ही वाटा मोकळ्या असतात. तिरकं चालण्यात सगळी किमया आहे.

पहिल्याच खेळीला राजा g8 केला तर? h4, राजा f7, आणि काळा राजा b6. आता e6 वर आलं तरी काळा c6 खातो आणि h चं प्यादं एका खेळीने निसटतं. म्हणजे पहिली खेळी एकच.

आता ठाणेकराच्या आठवणीप्रमाणे प्यादं h6 वर ठेवून पाहिलं. तिथे g8 नेही बरोबरी होते: h5, राजा f7, h4, राजा e6, h3, राजा d7, आणि दोन्ही वजीर एकाच वेळी. g7 नेही होतेच. पहिल्या खेळीलाच दोन उत्तरं असतील तर ते कोडं नाही. h4 वर ठेवलं तर उलट अडचण: काळं प्यादं एक खेळी आधी पोचतं, पांढरं सातव्याच्या पुढे जात नाही आणि पांढरा हरतो. खाली लिहिलेलं "बरोबरी" आणि एकच पहिली खेळी, या दोन्ही अटी h5 वरच पुऱ्या होतात.

ही चाळणी किती खेळ्यांपर्यंत लावायची, यावर तिसऱ्या फोनची शेवटची दहा मिनिटं गेली. दुसऱ्या खेळीला काळ्याने h3 केलं तर तिसरी खेळी e7 ऐवजी e6 ही चालते, म्हणजे मूळ रचनेतही एका फाट्यावर दोन उत्तरं आहेत. ठाणेकर तेवढ्यावरून मांडणी नाकारायला निघाला होता. पण काळ्याचा मुख्य प्रतिकार b6 चा आहे आणि तिथे e5 ला पर्याय नाही. त्यामुळे एकमेव उत्तराची अट मुख्य वाटेवर कडक ठेवायची, आडवाटेवर सैल सोडायची. अखेर सांगलीकराने FEN ची ओळ मजकूर म्हणून पाठवली, आणि खाली लिहिलं: काळ्याच्या बाजूने पाहिलेला, लाकडी पट, दाराजवळचं टेबल.